कंडक्टरनं फाडलेला बोर्डिंग पास

आमचे हे, म्हणजे दयाराम, मेहकर आगारात कंडक्टर होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण माणूस काही रिटायर झाला नाही. लग्नाच्या पंगतीतही उभ्या माणसाले म्हणतात, "मागं सरका, मागं जागा हाये!" आन् मिशा तं अशा, का अख्ख्या तालुक्यात त्याईले मिशीवाले कंडक्टर म्हणत.

त्या मिशा गेल्या. दहा दिवसांच्या बौद्ध श्रामणेर शिबिरात बसले, भिक्खूचं चीवर घातलं, डोकं, भुवया, मिशा सगळं साफ. घरी आले तं मी दारातच इचारलं, "कोण पाहिजे?"

दोनच दिवसांनी आमची मयुरी हैदराबादले डॉक्टरकीची पदवी घेणार होती. संध्याकाळी कार्यक्रम. तिनं फोनवर बजावलं होतं, "पप्पा मले समोर दिसले पाहिजेत, नाही तं मी स्टेजवर चढत नाही!" इमानाची तिकिटं तिनंच काढली. संभाजीनगरहून वेळेवर पोचवणारं तेवढं एकच इमान होतं.

इमानतळाच्या दारावर जवानानं आधार कार्ड पाह्यलं, ह्याइचं तोंड पाह्यलं, पुन्हा कार्ड पाह्यलं आन् बऱ्याच वेळानं सोडलं. काउंटरवर बोर्डिंग पास भेटले. तपासणी झाली, पासवर शिक्का बसला. मी ह्याइले खुर्चीवर बसवून पाण्याची बाटली भराले गेली. परत आली तं ह्याइचे हात रिकामे!

"तुमचा पास कुठं हाये?"

"फाडला."

"काऊन?"

"शिक्का लागला ना! वापरलेलं तिकीट असं शाबूत ठेवू नाही. कोणी उचललं तं दुसरा बसते त्याच्यावर."

जन्मभर शेवटच्या स्टॉपवर पायरीपाशी उभं राहून लोकाईची तिकिटं फाडली, तो हात कसा थांबते? "अहो, आपली गाडी अजून लागलीच नाही!" मी वरडली. तवा ह्याइचा चेहरा उतरला. तुकडे कचऱ्याच्या डब्यात, वरून कोणाची तरी सांडलेली कॉफी.

तेवढ्यात आमच्या इमानाची रांग लागली. गेटवर वैष्णवी नावाची पोरगी होती, गळ्यातल्या कार्डावर लिहिलेलं होतं. ह्याईनं खोटं नाही सांगितलं. "मॅडम, मीच फाडला."

ती हसली. "काका, पासशिवाय सोडता येत नाही. पण तुमचं नाव सिस्टीममध्ये आहे, दुसरा काढून देते. ओळखपत्र द्या."

आधार पाहून तिचं हसू थांबलं. "हे तुम्ही?"

ह्याईनं पॅन कार्ड देल्लं. मिशा. लायसन देल्लं. त्याच्यावर तं आणखीनच मोठ्या मिशा!

"नवीन पासवर सुरक्षेचा शिक्का पुन्हा लागेल," ती म्हणाली, "आणि सुरक्षेचे साहेब खात्री झाल्याशिवाय तो मारणार नाहीत." तिनं साहेबाले बोलावलं. साहेब आले, तिन्ही कार्डं पाह्यली, जन्मतारीख इचारली, पत्ता इचारला. सगळं बरोबर. तरी फोटोवरून तोंडाकडं, तोंडावरून फोटोकडं त्याईची नजर फिरूनच राह्यली. इकडं रांग सरत आली.

"सिंधू, तू जाय," हे हळूच म्हणाले. "पोरीले समोर एक तं माणूस दिसू दे."

अस्सा राग आला मले! एकटी जाऊन पोरीले काय तोंड दाखवू? मी माझी वेणी खांद्यावरून पुढं घेतली, तिचं काळं-पांढरं टोक ह्याइच्या नाकाखाली आडवं धरलं आन् म्हटलं, "घ्या साहेब, पाहा आता! हाये का नाही तोच माणूस?"

वैष्णवी तोंडावर हात ठेवून हसाले लागली. हे मात्र फोटोत बसल्यासारखे ताठ उभे. साहेबानं कार्ड जवळ धरलं, ह्याइच्या कानापाशी जुन्या जखमेची खूण होती ती फोटोतही पाह्यली, आन् हसण्यानं साहेबाचे खांदे हलाले लागले. "चाचीजी, अब चोटी हटाइए," ते म्हणाले, "यही हैं."

मशीनमधून नवीन पास निघाला, त्याच्यावर शिक्का बसला. वैष्णवीनं तो ह्याइच्या हाती देल्लाच नाही. स्वतः मशीनवर लावला, बारका तुकडा माझ्याकडं देल्ला आन् म्हणाली, "काकू, हा तुम्ही सांभाळा." इमानात शेवटले आम्हीच चढलो.

संध्याकाळी हॉलमध्ये ही गर्दी! पदवी घेऊन मयुरी स्टेजवरून उतरली आन् त्या एवढ्या लोकाईतून सरळ ह्याइच्या गळ्यात येऊन पडली. ना तिनं डोक्याकडं पाह्यलं, ना मिशा इचारल्या. "पप्पा, आलात ना!" एवढंच म्हणाली. हे लेकरासारखे रडाले लागले. मी बाजूलेच उभी होती, डोक्यावरचे सगळे केस शाबूत घेऊन. पण मले कोणी पाह्यलंच नाही!