दुसऱ्या पाळीतला नारंगी दिवा

मी मुळातच संशयी. भाजीवाल्यानं वजन केलं तरी काट्याकडे बघत राहतो. सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो, आणि या धंद्यात माझा स्वभाव गुण म्हणूनच खपून गेला. काही बिघडलं की मी आधी माणसाकडे बघायचो, मग मशीनकडे. त्या दसऱ्यानंतर मात्र हे मला चांगलंच नडलं. खरं म्हणजे मला नाही, दुसऱ्याला नडलं.

आमच्या एका लाइनवर तपासणीचा कॅमेरा आहे. भाग पट्ट्यावरून येतो, कॅमेरा फोटो काढतो, फोटो केबलमधून बाजूच्या कॉम्प्युटरकडे जातात आणि तो भाग पास की नापास ते ठरवतो. छोट्या भागाचा एकच फोटो लागतो. मोठ्याचे चार, आणि मोठा भाग फक्त दुसऱ्या पाळीत चालायचा. फोटो वेळेत पोचले नाहीत तर लाइन आपोआप थांबते. दसऱ्यानंतर ती रोज थांबू लागली, आणि थांबायची ती दुसऱ्याच पाळीत.

दुसऱ्या पाळीला तिथं एक बाई होत्या, श्रीगोंद्याकडच्या, चाळिशीच्या. कितीतरी वर्षं कंत्राटावर. यंदा दिवाळीला ज्यांना कायम करायचं त्या यादीत त्यांचं नाव आलं होतं, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी मी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, ह्यो दिवा बघा. केबल जिथं लावलीय तिथला. आदी हिरवा असायचा. आता मशीन सुरू झालं की जरा येळानं नारंगी हुतोय."

नेटवर्कच्या केबली जोडायचा स्विच लाइनशेजारच्या पॅनेलच्या बंद पेटीत असतो. त्यावर हिरवा म्हणजे हजाराचा वेग, नारंगी म्हणजे शंभराचा. बाईंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: पॅनेलच्या आतल्या दिव्याचा रंग हिला कसा ठाऊक? म्हणजे ही पॅनेल उघडते. आणि लाइन थांबली की स्टुलावर बसायला मिळतं. माझी गाडी एकदा अशी सुटली की थांबत नाही.

तरी मी तपासणी केली, नाही असं नाही. जेवणाच्या सुट्टीत लाइन बंद असताना केबलला टेस्टर लावला. आठ तारांचे आठही दिवे लागले. केबल परत लावली, वेग हजार. दिवा हिरवागार. मी मुद्दाम अर्धा तास तिथं उभा राहिलो. काही झालं नाही. मी वर केबिनमध्ये गेलो, सुट्टी संपली, लाइन सुरू झाली, आणि थोड्याच वेळात वेग शंभर. म्हणजे मी असलो की ठीक, मी गेलो की बिघाड. आणखी काय पुरावा हवा?

स्विच प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. दुसऱ्या पाळीच्या नोंदी उघडल्या. रोज पाळी सुरू झाली की दहा-पंधरा मिनिटांत वेग पडलेला, घड्याळ लावल्यासारखा. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. चोर सापडल्याचा तो आनंद होता.

मी बाईंना लाइनवरच गाठलं. आजूबाजूला आणखी चौघी-पाचजणी होत्या.

"ताई, केबलला हात कशाला लावता?"

"मी न्हाई लावत, सर."

"मग दिव्याचा रंग तुम्हाला कसा कळला?"

"दार वाकलंय पॅनेलचं. फटीतून दिसतंय की. मी रोज हितंच उभी असते."

मी फटीकडे बघितलंसुद्धा नाही. वर येऊन प्लांटच्या मोठ्या साहेबांना मेल लिहिला: ऑपरेटरकडून केबलशी छेडछाड होत असावी, नोंदी जोडल्या आहेत. 'असावी' हा शब्द मी स्वतःला वाचवायला घातला होता. साहेबांनी तो वाचलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून बाई पॅकिंगला गेल्या आणि यादीतलं त्यांचं नाव थांबवलं.

लाइनवर दुसरी बाई आली. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात फोन आला, लाइन थांबली.

आता मात्र नवीन बाईसुद्धा छेडछाड करते असं म्हणायला माझीही जीभ रेटेना. मी पुन्हा नोंदी काढल्या आणि त्या वेळी पहिल्यांदा सकाळच्या पाळीच्या नोंदी उघडल्या. त्याही तशाच होत्या. पाळी बदलताना पॅनेल बंद करून चालू करतात, त्यामुळे सुरुवातीला वेग हजार, आणि मशीन चालू लागलं की शंभर. सकाळी छोट्या भागाचा एकच फोटो शंभराच्या वेगातही वेळेत पोचत होता, म्हणून कुणी ओरडलं नव्हतं. हे सगळं पहिल्या दिवसापासून माझ्या समोर होतं. मला जी पाळी हवी होती तेवढीच मी बघितली होती.

लाइन चालू ठेवून मी केबलवर हात फिरवत निघालो. प्लास्टिकच्या पोकळ पट्टीतून ती खांबावरून वर जाते. खांबाच्या मध्यावर पट्टीत एक खिळा होता, त्याला झेंडूचं सुकलेलं देठ. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, तेव्हा माळ बांधायला तो खिळा मीच ठोकला होता. हौसेनं, शिडीवर चढून.

पट्टी काढली. खिळा केबलच्या पोटातून गेला होता. वरचं आवरण सोललं तर आतल्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली, टोकं नुसती एकमेकांना टेकलेली. मशीन थांबलेलं असलं की टेकायची, त्यामुळे टेस्टर सगळे दिवे दाखवायचा. मशीन हादरू लागलं की सुटायची. हजाराला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात, आणि त्या दोन शाबूत होत्या. म्हणून काम पूर्ण बंद पडत नव्हतं, नुसतं मंदावत होतं. नवी केबल टाकली. दिवसभर हिरवा.

साहेबांना सगळं जसं होतं तसं सांगितलं, खिळ्यासकट. ते म्हणाले, "अरे, मग त्या बाईंनी आधी कुणाला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. मलाच."

नाव यादीत परत आलं. दिवाळीला बाई कायम झाल्या. मी पॅकिंगमध्ये जाऊन सगळ्यांसमोर माफी मागितली. त्या खोक्याला टेप लावत होत्या, थांबल्या नाहीत. "असू द्या सर," एवढंच म्हणाल्या. परत लाइनवर यायचं मात्र त्यांनी स्पष्ट नाकारलं. कॅमेऱ्यापाशी मला नको, असं सुपरवायझरला लिहून दिलं.

याला आता बरेच महिने झाले. मी हल्ली रोज लाइनवर एक फेरी मारतो. प्रत्येकीला विचारतो, ताई, काही वेगळं दिसतंय का, एखादा दिवा, एखादा आवाज? त्या एकमेकींकडे बघतात. मग कुणीतरी एकजण म्हणते, "न्हाई सर, आमाला काय बी दिसत न्हाई." मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका पॅनेलचा पंखा बंद पडून आतला कॉम्प्युटर जळाला. पंख्याची घरघर चार दिवस येत होती, असं मला नंतर कँटीनवाल्याकडून कळलं.