बिननावाचा अंगठा

आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात संशोधन नीती समिती आहे, हे बऱ्याच प्राध्यापकांना ठाऊकही नसतं. ज्यांना ठाऊक असतं ते तिला सहीसमिती म्हणतात. मी मराठी शिकवते. मला त्या समितीत घेतलं ते दुसऱ्या कुठल्या विभागाचं कोणी तयार झालं नाही म्हणून. सुरुवातीची काही वर्षं मी तिथे चहा पिण्यापलीकडे फार काही केलं नाही. मग मानसशास्त्राच्या मॅडमचा प्रस्ताव आला.

या मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, पुण्याकडच्या, हुशार आणि कामाला वाघ. मला ताई म्हणायच्या. समुद्रात माणूस गेला आणि देह सापडला नाही, की मागे राहिलेले लोक समाजमाध्यमांवर काय लिहितात, असा त्यांचा विषय. किनाऱ्यावरच्या लोकांनी उघड्यावर लिहिलेल्या पोस्टी त्यांनी जमवल्या होत्या. परवानगीच्या रकान्यात एकच वाक्य होतं: मजकूर सार्वजनिक असल्याने संमतीची आवश्यकता नाही. नावं, गावं, तारखा काढलेल्या होत्या. संशोधक फक्त वाचणार, कोणाशी काही बोलणार नाही, असंही लिहिलेलं होतं.

नमुन्यादाखल काही पोस्टी जोडल्या होत्या. त्यातली एक वाचताना माझ्या हातातला चहा निवला. कोणी बाई नवऱ्याशी बोलत होती. त्या दिवशी तुम्ही नको म्हणत होतात, वारा मनासारखा नाही म्हणालात, मीच म्हटलं की बाकीचे गेले ना, मग तुम्हालाच काय झालंय. अष्टमी होती, भांगाचं पाणी, समुद्र नुसता पडून होता, म्हणून मी पाठवलं. घरात हे कोणाला सांगितलेलं नाही. सासूबाई अजून तुमचं ताट वाढतात, त्यांना कळलं तर माझ्या हातचं पाणी पिणार नाहीत.

माझं आजोळ खाडीच्या तोंडावरचं. उधाणाच्या भरतीला होडी गेली तर गाव रडतो आणि कामाला लागतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, पाणी इतकं मवाळ असताना होडी परत आली नाही, तर ते कोणी विसरत नाही. मॅडमनी तारीख खोडली होती, पण तिथी तशीच ठेवली होती. त्यांना ती सजावट वाटली असणार. आमच्याकडे तो पत्ता असतो. ती पोस्ट वाचून होडी कुठली, हे मला बसल्या जागी कळलं. घरही कळलं असतं, पण मी पुढे विचार करायचा थांबवला.

बैठकीत मी ते सांगितलं. मॅडमना पटेना. त्या म्हणाल्या, असं किती जण ओळखणार? मला राग आला. मी म्हटलं, ओळखायचीही गरज नाही, आणि त्यांच्या प्रस्तावातलं एक वाक्य जसंच्या तसं फोनवर शोधायला टाकलं. पहिलंच उत्तर आलं ते त्या बाईचं पान. नाव खोटं होतं, फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल होतं. पान सगळ्यांना उघडं. आमचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर, ते चष्मा वर करून वाचू लागले आणि मधेच थांबले. म्हणाले, मला हे वाचायचा काही हक्क आहे असं वाटत नाही. आम्ही ठरवलं की बाकीच्या पोस्टींचा मजकूर शब्द बदलून, तिथी-वारे काढून आणि दोन-तीन मिळून एक असा वापरावा, आणि या बाईची संमती मिळाली तरच तिचं काही घ्यावं, नाहीतर सगळं वगळावं. विचारायचं ते खासगी निरोप पाठवून, स्वतःच्या खऱ्या नावाने, पोस्टीखाली चारचौघांत नाही.

माझ्या फोनवर ते पान तसंच उघडं राहिलं होतं. मी वाचायला नको होतं, पण वाचलं. जवळजवळ रोज काही लिहिलेलं. बांगडा किती आला, सासूबाईंचे गुडघे, कोणाचं लग्न ठरलं. खाली कोणाचं काही नाही. फक्त प्रत्येक पोस्टीला एकच अंगठा, दर वेळी त्याच खात्याचा. त्या खात्याला फोटो नव्हता, नावाच्या जागी नुसतं ‘वाचक’ होतं, आत काही म्हणजे काही नव्हतं. भर दुपारी, पंख्याखाली, मला पाठीमागे वळून बघावंसं वाटलं. मी फोन पालथा ठेवला.

मॅडमनी पाठवलेल्या निरोपाला बाईंचं उत्तर आलं. सासूच्या औषधासाठी रत्नागिरीला येणारच आहे, तेव्हा भेटते म्हणाल्या. मानसशास्त्र विभागात समुपदेशनाची एक लहान खोली आहे, तिथे आम्ही बसलो. मॅडमनी मला सोबत बसायला सांगितलं होतं, आणि त्याचीही परवानगी त्यांनी बाईंकडून आधी घेतली. बाई चाळिशीच्या आतल्या, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, तोंडाला बांधलेली ओढणी त्यांनी आत आल्यावरच सोडली. मॅडमनी सगळं नीट समजावलं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल, हो म्हणून मागाहून नाही म्हणालात तरी चालेल, शब्द बदलले तरी ओळखू येण्याची थोडी शक्यता राहतेच. मी मनात म्हटलं, शिकली बया.

मग मॅडमनी विचारलं की एवढं आतलं लिहिता, तर पान सगळ्यांना उघडं का ठेवलंत. बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं.

“कुलूप लावलं तर तेनी कसं वाचायचं?”

फोन नवऱ्याबरोबर पाण्यात गेला होता. त्याच्या जुन्या खात्यात आता त्याला शिरता येणार नाही, नवीन खात्यातून तो वाचत असेल तर त्याला मैत्रीची विनंती कुठे पाठवणार, म्हणून सगळंच उघडं. जग वाचेल याचा त्यांनी विचारच केला नव्हता. जग म्हणजे कोण, आपल्यासारख्या बाईचं कोण वाचतंय, त्या म्हणाल्या. आणि तो वाचतो, हे त्यांना माहीत होतं. आधी काहीच येत नव्हतं. मग एक दिवस अंगठा आला, आणि त्यानंतर एकही पोस्ट चुकली नाही. मी विचारलं, पण त्या खात्याला तर नाव नाही. बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, “तिकडं गेल्यावर नाव रहातंय होय?”

सगळ्यात अवघड पोस्ट त्यांनी अंगठे यायला लागल्यावरच लिहिली होती, धीर करून. त्या दिवशी मीच पाठवलं, ही. दुसऱ्या दिवशी तिलाही अंगठा आला. त्या दिवसापासून मला झोप लागते, असं त्या म्हणाल्या. संमतीचं विचारलं तेव्हा त्यांनी ओढणी परत बांधायला घेतली.

“माझ्या एकटीचं नाय ना ते. तेना विचारून सांगतंय.”

त्या गेल्या आणि मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, मी घाबरले तशा त्याही घाबरल्या असतील. त्यांनी पर्समधून दुसरा फोन काढला, अभ्यासापुरता घेतलेला, आणि माझ्यापुढे ठेवला. त्यातलं खातं त्यांनी पोस्टी जमवण्यापुरतं उघडलं होतं, म्हणजे घरचं आणि कामाचं एकत्र होणार नाही. फोटो लावला नव्हता. नावाच्या जागी ‘वाचक’ लिहिलं होतं. कुठली पोस्ट नोंदवून झाली आणि कुठली राहिली हे कळावं म्हणून झालेल्या पोस्टीला त्या अंगठा देत असत, आपण वहीत बरोबरची खूण करतो तशी. समोर कोणी बसलंय आणि त्या खुणेची वाट बघतंय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ज्या काळात मी कोणाशी काही बोलणार नाही असं अर्जात लिहिलं होतं, त्याच काळात त्या रोज एका बाईशी तिच्या नवऱ्याच्या वतीने बोलत होत्या.

मला धड रागही येईना.

संध्याकाळी बाईंची पोस्ट आली. रत्नागिरीला दोन मॅडम भेटल्या, चांगल्या आहेत. आपलं बोलणं अभ्यासात घेऊ का विचारतात. नावं बदलतील. मला काही कळत नाही, तुम्ही सांगा. चालत असेल तर नेहमीसारखी खूण करा.

मॅडमचा फोन आला. त्या रडत होत्या. ताई, मी अंगठा दिला तर माझ्या अभ्यासाला संमती मीच दिली, आणि नाही दिला तर तिचा नवरा आज गप्प बसला. मी म्हटलं, दोन्ही फोन लांब ठेव आणि सकाळी समितीच्या डॉक्टरांकडे चल. रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर ती पोस्ट होती, खाली रिकामी जागा असलेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, मजकूर सगळा वगळा, अभ्यास तूर्त थांबवा, आणि खरं सांगा, तोंडावर सांगा, फोनवर नाही. मॅडम म्हणाल्या, तिला झोप लागते सर. डॉक्टर म्हणाले, हो, पण ती झोप आपण दिलेली आहे, आणि तिला हे माहीत नाही. मी हो-ला हो केलं. आजही मला वाटतं की तेच बरोबर होतं. हायसं मात्र वाटलं नाही.

बाई परत आल्या. या वेळी ओढणी सोडलीच नाही, नुसते डोळे दिसत होते. खूण आली नव्हती, म्हणून त्या अस्वस्थ होत्या. मॅडमनी काही न लपवता सांगितलं, माफी मागितली, तुमचं काहीही वापरणार नाही म्हणाल्या, तो फोन त्यांच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं त्या ओरडतील, रडतील, निदान शिव्या तरी देतील. मी सगळ्याची तयारी करून बसले होते. त्या शांतपणे मागे मागे सरकवत त्या एका पोस्टीवर गेल्या, त्या दिवशी मीच पाठवलं, या.

“म्हंजे हे तेनी अजून वाचलाच नाय.”

समुपदेशनाच्या त्या खोलीत कितीतरी पोरी येऊन रडून गेल्या असतील, पण मला तिथे इतकं थंड कधी वाटलं नव्हतं. मॅडम हळूच बाईंना म्हणाल्या, कधीही बोलावंसं वाटलं तर मी आहे, इथे कोणी दुसरी मॅडमही मिळेल. बाईंनी मान हलवली आणि फोन परत मॅडमच्या हातात दिला.

“तुमचे अंगठे सगळे काढा. मग तेंचा आला तर मला कळंल.”

मॅडम एकेक अंगठा काढत गेल्या. बाई खुर्ची जवळ ओढून बसल्या होत्या, आणि दर वेळी एक अंगठा गेला की वाकून बघत होत्या, खाली आणखी एखादा उरलाय का.