नाव तेच, गाडी वेगळी

गाड्यांच्या पार्टच्या दुकानातल्या काउंटरवर वहिनी आल्या, तेव्हा गिऱ्हाइकं मालकालाच हाक मारायची. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय! पण पाच वर्षं गोदामात खोकी लावून वहिनींना पार्ट नंबर तोंडपाठ झाले होते. मालकाने एक महिना बघायला दिला होता. चुकीचा पार्ट परत आला की पुन्हा गोदाम.

महिना संपायला तीन दिवस होते, आणि गॅरेजवाल्या मिस्त्रीचा फोन आला; कायम घाईत, म्हणून सगळे त्याला घाईमिस्त्रीच म्हणायचे. टॅक्सीचा डावा लोअर आर्म मोडलाय, म्हणजे चाक धरणारा दांडा. गाडी जॅकवर आहे, लगेच पाठवा.

त्या मॉडेलचा आर्म संपला होता, कंपनीकडूनही येईना. मालक म्हणाला, "त्याच नावाच्या नव्या गाडीचा पडलाय की! तो द्या."

"बसायचा नाही," वहिनी म्हणाल्या.

फोनवर मिस्त्री उसळला. "का नाही? मागे फेसलिफ्टचा बसला होता, हातानं बसवलाय!"

"अहो, फेसलिफ्टमध्ये दिवे आणि बंपर बदलले होते, खालचा सांगाडा तोच होता. मॉडेल इयर बदललं तेव्हा तर नुसतं सीटचं कापड बदललं. ही मात्र नवी जनरेशन आहे. नाव तेवढं तेच, सांगाडा दुसरा."

मग त्यांनी फळीवरून दुसऱ्याच कंपनीच्या गाडीचं खोकं उतरवलं. दोन्ही कंपन्यांनी एकच प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा सांगाडा, वापरलेला; कॅटलॉगमध्ये आर्मचा नंबर हुबेहूब एक होता. मिस्त्रीला टॅक्सीचा चासी नंबर विचारून दोनदा ताडून पाहिला.

मालकाने कपाळाला हात लावला. "दुसऱ्या कंपनीचा? परत आला तर माझ्याकडे रडायचं नाही हं!"

वहिनींनी खोक्यावरचा नंबर पुन्हा वाचला. नंबर बरोबर होता, पण कॅटलॉग छापणारा माणूसच ना! खोकं दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन धजेना. स्वतःच पिशवीत घालून त्या गॅरेजवर गेल्या.

मिस्त्रीने खोक्यावरचं नाव वाचून तोंड वाकडं केलं. "वहिनी, सासरची माणसं माहेरी आणलीत का?"

"आधी बसवा, मग बोला."

तो गाडीखाली शिरला. एक बोल्ट गेला. दुसरा अडला, मिस्त्रीने शिवी हासडली आणि वहिनींनी डोळे मिटले. मग आतून आवाज आला, "गंज होता हो, भोक बरोबर आहे." थोड्या वेळाने आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंटही चपखल बसला.

वहिनी तिथल्याच जुन्या टायरवर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. लाज वगैरे काही वाटली नाही.

मिस्त्री गोंधळला. हात पुसून त्याने दुकानात फोन लावला.

"मालक, पार्ट बसला. आणि एक ऐका, राग मानू नका. यापुढे माझा फोन आला तर तुम्ही नका उचलू, वहिनींना द्या."