वार वर सरकली

शेवंती गावस इब्रामपुरात न विचारता कुणाच्या घरात शिरली, तर त्या घरात पाळणा आलाय असं खुशाल समजावं. बाळंतिणीचं अंग खोबरेल तेलाने रगडायचं, तिला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, मग पाय लांब करून त्यावर बाळ पालथं टाकायचं आणि असं काही चोळायचं की ते आधी सगळं घर डोक्यावर घ्यायचं आणि नंतर संध्याकाळपर्यंत गाढ झोपायचं. ह्या कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

सरकारी दवाखाने आले तशी घरची बाळंतपणं तिच्या सासूच्या काळातच सुटली होती. शेवंतीच्या वाट्याला आलं ते नंतरचं न्हाणं आणि आधीचा सल्ला. सल्ला ती न मागता द्यायची. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, कुणी घाबरून बोलावणं धाडलं, की ती यायची, पोटावर हात ठेवायची आणि म्हणायची, "घाबरतास कित्याक? वेळ आसा अजून." बहुतेक वेळा ती बरोबर असायची, त्यामुळे तिला थोपवणार कोण?

तिची एकुलती लेक रेश्मा पाळी गावात दिली होती. जावई संदीप खाणीवर टिपर चालवायचा. त्या वर्षांत खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत होते आणि पाळीतल्या अळवाच्या पानांवरसुद्धा तांबडी धूळ बसायची. रेश्माला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी शेवंतीने घरामागची न्हाणी नव्याने लिंपून घेतली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. साऱ्या गावच्या लेकीसुना जिच्या हाताखालून गेल्या, तिच्या लेकीचं न्हाणं दुसरं कोण करणार?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत मात्र घोळ झाला. वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा गोळा, खाली आहे, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ, असं डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रवास नको, जड उचलायचं नाही. शेवंतीने गावच्या सातेरी देवीला नारळ ठेवला आणि विहिणीच्या घरी, पाळीला, दर आठवड्याला फोन करून हुकूम सोडायला सुरुवात केली. विहीण सुमंगला गरीब स्वभावाची, ती सगळ्याला हो म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची.

आठवा महिना लागता लागता पुन्हा तपासणी झाली आणि संदीपचा फोन आला, "मावशी, वार वर सरकली. बरां आसा आता."

शेवंतीच्या जिवातला खिळा निघाला. तिने दुसऱ्याच दिवशी गावातल्या बाबलीची जीप ठरवली. फोनवर संदीप पुढे काहीतरी सांगत होता, डॉक्टरांनी म्हापशाला आणखी एक सोनोग्राफी लिहून दिलीय म्हणून. ते तिने कानाआड केलं. वार वर गेली म्हणता, मग परत कशाला बघायची? देवाने दिलेलं मोजून घ्यायची तिला सवय नव्हती.

पाळीहून निघताना रेश्माच अडली. एरवी आईपुढे तोंड न उघडणारी ही मुलगी जीपमध्ये संदीपशेजारी बसल्यावर म्हणाली, "आये, म्हापसा वाटेरच आसा. दाखवून जावया."

"बरां. पण घडीभर वेळ. जेवण घराकडेच."

म्हापशाच्या सोनोग्राफीवाल्या मनीषा डॉक्टर वयाने रेश्माहून फार मोठ्या नव्हत्या. शेवंतीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मनात त्यांना बाद केलं. ही तपासणी आतून करायची होती. रेश्माला आत घेतलं आणि दार बंद झालं. बाहेर शेवंती आणि संदीप. बाकावर बसून शेवंती बाळंतविड्यात काय काय घालायचं ते त्याला सांगत होती. बराच वेळ गेला. तिचं सांगून संपलं, तरी दार उघडेना. मग उघडलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही दोघंही आत या."

रेश्मा चादर पांघरून झोपलेली. पडद्यावर राखाडी ढग, आणि त्यात एक तांबडी-निळी रेघ लुकलुकत होती.

"वार वर गेलीय, ते खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण तिचा एक लहानसा तुकडा वेगळा आहे, दुसऱ्या बाजूला. मोठ्या वारेपासून त्या तुकड्याकडे रक्तवाहिन्या गेल्यात. त्या नाळेत नाहीत, वारेतही नाहीत. नुसत्या पाण्याच्या पिशवीच्या पडद्यावरून चालल्यात, आणि नेमक्या गर्भपिशवीच्या तोंडावरून. वार खाली असते आणि मग वर सरकते, तेव्हा असं कधी कधी मागे राहतं. म्हणूनच पुन्हा बघायला सांगितलं होतं. ह्याला वासा प्रीव्हिया म्हणतात."

"तिका दुखता काय?" शेवंतीने विचारलं.

"नाही."

"रगत गेलां काय?"

"थेंबही नाही."

"मगे?" शेवंती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. दुखत नाही, खुपत नाही, पोरगी टुणटुणीत. असल्या बाईला आजारी ठरवायचं म्हणजे ह्या यंत्रवाल्यांची कमाल होती. "शिरा सगळ्यांक असतत. आवशीच्या शिरा त्या."

डॉक्टर चिडल्या नाहीत. "तुम्हाला नाडी बघता येते?"

हे विचारणं शेवंतीला अपमानासारखं वाटलं. तिने सरळ लेकीचं मनगट हातात घेतलं.

डॉक्टरांनी यंत्राचं एक बटण फिरवलं. खोलीत फुस् फुस् असा आवाज येऊ लागला. "ही गर्भाशयाची, आईची वाहिनी. बोटाखाली जुळतंय का बघा." जुळत होतं. बोटाखाली ठोका, यंत्रात ठोका, एकाच वेळी. शेवंतीने मान हलवली.

"आता तोंडावरची ती रेघ." डॉक्टरांनी खूण सरकवली.

आवाज एकदम पळत सुटला. शेवंतीच्या बोटाखाली रेश्माची नाडी आपल्या संथ चालीने चालली होती, आणि यंत्रातला ठोका जवळजवळ दुप्पट वेगाने धावत होता. तिने मनगट सोडलं, दुसरं धरलं. तेच. हात खोटं सांगत नव्हता. पाळण्यातल्या पोराच्या छातीवर तळवा ठेवला की लागतो तो हा ठोका, तिच्या रोजच्या ओळखीचा.

"हे रक्त आईचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाचं आहे. त्याच्या सबंध अंगात मिळून पेलाभर रक्त असतं. पाण्याची पिशवी फुटली की तिच्याबरोबर ह्या वाहिन्या फाटू शकतात. फाटल्या तर आईला दुखणार नाही, ती छान बोलत-हसत असेल. पाण्याबरोबर तांबडं जाईल. आणि बाळ काही मिनिटांत जाऊ शकतं."

संदीप भिंतीला टेकला. शेवंतीने लेकीचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

तिला तिची लिंपलेली न्हाणी दिसत होती. रेश्मा दारात उभी आहे, आये, पाणी गेलां, तांबडां दिसता म्हणते आहे. दुखतंय का? नाय. आणि ती स्वतः, इब्रामपूरची शेवंती, चुलीत लाकूड सारत म्हणते आहे, घाबरतंस कित्याक, पाण्यावांगडा थोडां रगत येताच. ती हे म्हणालीच असती. शंभरदा म्हणाली होती ते वाक्य, म्हणताना जीभ अडखळलीही नसती. मग तिने पाणी तापत ठेवलं असतं. ती भ्याली. आयुष्यात तिला एवढी भीती कुठल्या डॉक्टरची नाही, साक्षात सासूचीही वाटली नव्हती.

"आता काय करूचां?" तिने विचारलं.

आतापासून पणजीजवळ बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं, डॉक्टर म्हणाल्या. पाणी अवेळी गेलंच तर शस्त्रक्रियेचं दालन चार पावलांवर हवं, गावातून यायला वेळ मिळणार नाही. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं देतील. आणि कळा सुरू व्हायची किंवा पाणी जायची वाट न बघता, पस्तीस आठवडे पुरे झाले की ठरवून सिझेरियन. बाळ थोडं लवकर येईल, पण जिवंत येईल अशी खूप आशा आहे.

जीप गावाकडे, कोलवाळच्या पुलाकडे वळायची, ती पणजीच्या वाटेला लागली. रेश्माच्या कपड्यांची पेटी टपावर तशीच.

पाळीहून सुमंगला बांबोळीला आली ती रडवेली होऊन. "सातव्याचां जगता गो, आठव्याचां जगणा नाय. तू इतकी जाणती, आणि पोट फाडूक देतस? कळा नाय, काय नाय." गंमत अशी, की आठवडाभरापूर्वी हेच सगळं शेवंतीने तिला ऐकवलं असतं, आणि वर दोन शब्द जास्त. आता मात्र ती विहिणीवर कडाडली, "कळा येवची वाट बघूची नाय म्हणानच तर हय आणलंय हिका! तुका नाय कळणा तर गप रव." खाटेवर पडलेली रेश्मा हसली. वॉर्डातल्या बायकांनी माना वळवून बघितलं.

आठवडे संथ गेले. काही घडलं नाही. रेश्मा खिडकीशी बसून केस विंचरायची, पाव आणि चहा घ्यायची, कंटाळायची. शेवंती पायथ्याशी. मुलीने लघवीला उठून जरा उशीर लावला की ही दाराशी जाऊन उभी राहायची. चादरीवर नजर टाकल्याशिवाय ती बोलायलासुद्धा सुरुवात करायची नाही.

ठरल्या सकाळी रेश्माला आत नेलं. बाळासाठी रक्ताची पिशवीही तयार ठेवली होती; ती लागली नाही. शेवंती आणि संदीप दाराबाहेर उभी होती तेव्हा आतून बारीकसं रडू ऐकू आलं, मांजराच्या पिल्लासारखं. मुलगी. श्वासाला थोडी मदत लागणार होती म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवायला नेलं. जाताना शेवंतीने तिचा रंग बघितला. गुलाबी होती. संदीप तिथेच जमिनीवर बसून हुंदके देऊ लागला, आणि शेवंतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग तिने नर्सला गाठलं. "वार दाखव माका."

नर्स आधी नको म्हणाली, मग बाईचा चेहरा बघून तिने ट्रे आणला आणि पाण्याच्या पिशवीचा पडदा हातमोज्याच्या बोटांनी पसरून धरला. कितीतरी वारा शेवंतीने तरुणपणी सासूबरोबर पुरल्या होत्या, पण पडदा असा उजेडात धरून कधी बघितला नव्हता. कांद्याच्या सालीएवढा पातळ, आणि त्यावरून उघड्यावर चाललेल्या दोन निळसर वाहिन्या, सुतळीएवढ्या. नख लागलं असतं तरी तुटल्या असत्या. मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "जा घेवन."

दीड महिन्याने लेक आणि नात इब्रामपूरला आल्या. न्हाणीतली चूल पेटली. शेजारच्या बायका बघायला जमल्या, आणि लक्ष्मी, जिची तिन्ही बाळंतपणं शेवंतीच्या सल्ल्याने आणि देवाच्या कृपेने सुखरूप झाली होती, उंबऱ्यावर बसून म्हणाली, "म्हणजे रगत नाय गेलां, दुखलां नाय, पाणीय नाय गेलां?"

"नाय."

"काय एक झालां नाय?"

"काय एक नाय."

"मगे पोट कित्याक फाडूक दिलंस गो?"

शेवंतीने पायांवरची नात सावरली, कोपर बुडवून पाणी बघितलं आणि तिच्या पाठीवर हलकेच एक तांब्या ओतला.

"काय होव नये म्हणान," ती म्हणाली.