वासावरून ठरवणार नाही

आचऱ्याच्या बाजारात गुरुदासचं कापडाचं दुकान होतं. माणूस तसा वाईट नव्हता, पण डोक्यात राग असला की जिभेला हाड नसायचं. आणि त्या साली राग यायला कारणही झालं होतं. लग्नसराईत बायका लुगडं न्यायच्या, मिरवायच्या, नि चार दिवसांनी घडी घालून परत आणायच्या, "रंग पसंत नाय पडलो" म्हणून! एकदा तर निऱ्यांत अक्षता निघाल्या. आता सांगा, कुणाचं टाळकं फिरणार नाही?

गुरुदासने पाटी रंगवून घेतली: "एकदा नेलेला माल परत घेणार नाही. सबबी सांगू नयेत." पाटी टांगली नि तो छाती पुढे काढून गादीवर बसला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी सत्यवती आली. किनाऱ्यावरची मासे विकणारी बाई, लेकीसाठी तिने तिथूनच हिरवं लुगडं नेलं होतं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. तिने माशांच्या पाटीतून लुगडं काढून समोर ठेवलं. म्हणाली, "शेटानू, मधी वीण सुटलेली आसा. बदलून देवा."

गुरुदासने घडी उलगडलीच नाही. लुगडं नाकाशी नेलं, हुंगलं, नि सगळ्यांदेखत म्हणाला, "नेसून झालं वाटतं! बांगड्याचा वास मारतोय नुसता. ही पाटी कुणासाठी लावलीय?"

दोघी-तिघी फिसकन हसल्या. सत्यवती लालबुंद झाली. "मी ह्या आंगाक लावूक नाय," एवढंच म्हणाली आणि लुगडं तिथंच टाकून निघून गेली.

दिवेलागणीला माल आवरताना त्याने ते लुगडं उचलून उलगडलं. आतला गिरणीचा शिक्का कोरा करकरीत. आतल्या घड्या अजून पहिल्यासारख्या कडक, बघण्यापुरती एकच उघडलेली. आणि तिथं, बरोबर मधोमध, बोटभर लांब धागेच नव्हते. वास होता तो वरच्या घडीला, माशांच्या पाटीतून आणल्याचा. मासे विकणारी बाई लुगडं आणणार तरी कशातून? बायकोने, विमलाने, ते भोक बघितलं आणि नवऱ्याकडे बघितलं. शिक्का शाबूत असला की असा दोषाचा माल तो पुरवणारा कोल्हापूरचा आडत्या निमूट बदलून द्यायचा, त्याचं एका पैचं नुकसान नव्हतं. आपण एका बाईची अब्रू काढली ती फुकटच!

जुनी पाटी त्याने उतरवली. बरेच दिवस शब्द जुळवून नवी केली: "विणीत दोष निघाला किंवा रंग गेला तर चूक आमची, माल केव्हाही बदलून देऊ. पसंतीसाठी नेलेला माल पुढच्या बाजारापर्यंत बदलून मिळेल, मात्र लाल टाका शाबूत हवा." विकताना तो घडीच्या कडेला लाल दोऱ्याचा टाका घालू लागला. पदर, काठ बघता यायचे, पण टाका तोडल्याशिवाय नेसता यायचं नाही. वाचता न येणाऱ्या बायकांना तो स्वतः वाचून दाखवायचा. युक्ती लागू पडली. नेसून आणणाऱ्या गप्प झाल्या, बाकीच्या निर्धास्तपणे नेऊ लागल्या.

पण किनाऱ्यावरची एक बाई पायरी चढेल तर शपथ. त्या सगळ्या लुगडी घ्यायला मालवणला जात होत्या.

शेवटी नवं लुगडं काखेत मारून गुरुदास स्वतः किनाऱ्यावर गेला. सत्यवती मासे निवडत होती. त्याने मान खाली घालून लुगडं पुढे केलं. "चुकलो गो बाय. ह्या घे."

तिने हात पुसलेसुद्धा नाहीत. "माका खोटी केलास ती चार माणसांत. आता हंय येवन कानात सांगतास? माझ्या चेडवाक लोक अजून इचारतत, आवशीन लुगडा नेसान परत केल्यान काय म्हणान."

गुरुदासला वाटलं, वाळूत गाडून घ्यावं. "मग मी काय करू?"

"बाजाराच्या दिवशी सांगा. आनी ता वासाचा पाटयेर लिवा. आमच्या हातांक वास येतलोच."

बाजाराच्या दिवशी ती आली, मागोमाग किनाऱ्यावरच्या साताठ जणी. दुकान भरलेलं होतं. गुरुदास गादीवरून उठला. "हिने लुगडं नेसलं नव्हतं," तो म्हणाला, "भोक आमच्याच मालात होतं. मी उलगडून न बघता बोललो." यावेळी कुणी हसलं नाही. सत्यवतीने नवं लुगडं पूर्ण उलगडून, उजेडात धरून पाहिलं, मग आपल्या माशांच्या पाटीत टाकलं.

दुकानाच्या पाटीवर शेवटची ओळ त्याने त्याच दिवशी घातली: "वासावरून माल वापरलेला ठरवणार नाही."

किनाऱ्यावरच्या बायका परत येऊ लागल्या. धंदा सावरला. पण परगावचं नवं गिऱ्हाईक आलं की पाटी वाचून हसत विचारायचं, "शेट, ही वासाची काय भानगड?" आणि गुरुदासला, कात्री खाली ठेवून, पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. थाप मारायची त्याला सोय नव्हती, कारण दुकानात सत्यवतीची कुणी ना कुणी शेजारीण बसलेलीच असायची.