आमचा भुसावळचा राउटर

ह्यांची बदली जयपूरला झाली आणि आम्ही भुसावळचं रेल्वे क्वार्टर सोडलं. इथलं क्वार्टरही रेल्वेचंच, तळमजल्याचं, जाड भिंतींचं. वर दोन मजले आणि खिडकीसमोर कडुलिंब. शेजारीपाजारी बहुतेक मोबाइलच्या नेटवरच भागवायचे, त्यामुळे वायफाय काय ते आमचंच.

सासूबाई जळगावला असतात. मुलगा सुखरूप आहे की नाही हे कळावं म्हणून ह्यांनी त्यांच्या फोनवर आपलं लोकेशन कायमचं शेअर करून दिलं होतं. कामं आटोपली की संध्याकाळी त्या नकाशा उघडत.

पहिल्याच आठवड्यात त्यांचा आवाज बदलला. फोनवर नुसतं, जेवलात का, बरं, ठेवते. आम्ही जयपूरच्या गप्पा सांगायला लागलो की त्या म्हणत, "हो का." मला वाटलं, लेक लांब गेल्याचं दुःख असेल.

एका संध्याकाळी ह्यांचा फोन वाजला.

"मी तुमच्या घरात बसले आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कुठे आहात?"

मी आधी पलंगाखाली पाहिलं. का पाहिलं, ते आजही सांगता येणार नाही.

झालं असं होतं की रोज संध्याकाळी नकाशावर ह्यांचा फोटो भुसावळला, आमच्या जुन्याच क्वार्टरवर दिसत होता. मुलगा-सून तासाभराच्या अंतरावर राहून जयपूरचं नाव सांगतात आणि आईला भेटायला येत नाहीत, असा त्यांनी अर्थ काढला. शेवटी भरीत आणि पुऱ्यांचा डबा घेऊन त्या बसने भुसावळला पोचल्या. दार एका अनोळखी बाईने उघडलं. ती क्वार्टरमध्ये नव्याने आलेली. आमची सून कुठे लपवली आहे, असंच सासूबाईंनी तिला विचारलं म्हणे. तिने पाणी दिलं, चहा टाकला आणि सगळ्या खोल्या दाखवल्या.

आम्ही माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी नवीन बिऱ्हाडाचा टीव्ही दाखवला, मग म्हणाल्या, "नकाशात तू आत्ता माझ्या शेजारी सोफ्यावर बसला आहेस. खोटं बोलू नको."

ह्यांनी स्वतःचा नकाशा उघडला. निळा ठिपका भुसावळलाच. हे सिग्नल खात्यातले, त्यामुळे घाबरले नाहीत. कॅलिब्रेशन करावं लागेल म्हणाले, आणि खोलीच्या मधोमध उभे राहून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवू लागले. तिकडून सासूबाईंनी मला हळूच विचारलं, हा आरती कोणाची करतोय. आठ काढून झाले. आता ठिपक्याच्या पुढचा निळा झोत बरोबर उत्तरेकडे वळला होता. म्हणजे हे भुसावळलाच होते, फक्त तोंड योग्य दिशेला होतं. त्या आठाने फोनचं होकायंत्र सुधारतं, जागा नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग ह्यांनी सेटिंगमधली लोकेशन अ‍ॅक्युरसी बंद केली. आता फोन फक्त उपग्रहांवर अवलंबून. वर दोन मजल्यांचा स्लॅब, त्यामुळे तो नुसता शोधत राहिला. अंगणात कडुलिंबापासून दूर, मोकळ्या आभाळाखाली गेलो तर मिनिटभरात ठिपका जयपूरला आला. आत आलो तर कधी शेजाऱ्यांच्या घरात, कधी पाण्याच्या टाकीवर उड्या मारू लागला. अ‍ॅक्युरसी पुन्हा चालू केली, थोड्या वेळात पुन्हा भुसावळ.

तेवढ्यात लाईट गेली. अंधारात ठिपका हलला आणि जयपूरवर येऊन बसला. भोवती मोठं वर्तुळ, अर्ध्या कॉलनीएवढं, पण जयपूरच. लाईट आली, राउटरचे दिवे लागले, आणि हे परत भुसावळला.

मी राउटरकडे बघितलं. तो आम्ही भुसावळहून सामानाबरोबरच आणला होता. घरात आभाळ दिसत नाही म्हटल्यावर फोन आसपासच्या वायफायवरून जागा ठरवत होता, आणि नकाशावाल्यांच्या नोंदीत आमचा राउटर अजून भुसावळलाच होता. लाईट गेल्यावर राउटर बंद, मग फोनने मोबाइलच्या टॉवरांवरून अंदाज बांधला.

हे सासूबाईंना समजावताना ह्यांना घाम फुटला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तुझी बदली झाली, पण त्या डबड्याची ऑर्डर अजून निघाली नाही."

यापेक्षा चांगलं मला आजवर कोणी समजावलेलं नाही.

आम्ही राउटर खिडकीत ठेवला, म्हणजे अंगणातून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनांना तो जयपुरात भेटत राहील. काही आठवड्यांनी नोंद आपोआप सुधारली आणि हे संध्याकाळीही जयपूरला राहू लागले.

त्या दिवशीचं भरीत भुसावळच्या बाईने आणि तिच्या घरच्यांनी खाल्लं. तिला ते इतकं आवडलं की तिने सासूबाईंना पुन्हा बोलावलं. आता त्या महिन्यातून एकदा तरी तिच्याकडे जातात. परवा मी फोन केला, तर त्या घाईत होत्या. तिकडे पापड लाटायचे होते.