पुसलेल्या लॉगवर माझं नाव

आमच्या पाड्यावर बोहाडा, म्हणजे देवादिकांच्या सोंगांचा उत्सव, असला की घराची किल्ली शेजारी ठेवून निघायची रीत आहे. कोंबड्यांना दाणे कोण टाकणार, गाईला पाणी कोण दाखवणार? जव्हारच्या दवाखान्यात सर्व्हर सांभाळायला लागले, तरी माझी ही सवय गेली नाही. बोहाड्याला निघताना मी अ‍ॅडमिनचा पासवर्ड भाऊच्या हातात ठेवायचे. आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो. तो मोखाड्याकडचा. गावोगावच्या मुलांची वजनं संगणकात भरून घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. माझं जेवण त्याच्या डब्याशिवाय होत नसे आणि भाऊबीजेला मी त्याला ओवाळायचे. पासवर्ड कुणाला देऊ नये, हे मी दवाखान्यातल्या साऱ्यांना शिकवत असे. भाऊ त्या साऱ्यांत मोडत नव्हता.

त्या वर्षी बोहाडा आटोपून मी परतले, तर मोठ्या डॉक्टरांनी लगेच केबिनमध्ये बोलावलं. बसायलाही सांगितलं नाही. ठाण्याच्या मुख्य कार्यालयातून इशारा आला होता. आमच्या सर्व्हरवरची फायलींत कोण काय बदलतं याची नोंद ठेवणारी सेटिंग कुणीतरी बंद केली होती आणि थोड्या वेळानं सगळा सुरक्षा लॉग, म्हणजे सर्व्हरवर कोण कधी काय करतं त्याची वहीच, पुसून टाकला होता. दोन्ही ठिकाणी खातं माझं होतं.

"मुलांच्या नोंदींची तपासणी तोंडावर आहे आणि तुम्ही लॉग पुसता? काय लपवताय?" ते म्हणाले.

मी सोंगं बघत होते, तिथं मोबाइलला रेंजही नसते, असं सांगितलं. ते हसले. माझी नोकरी जाणार हे त्या हसण्यातच कळलं. नोकरीचं एक वेळ सोडा. मुलांच्या नोंदीत हात घालणारी बाई म्हणून जव्हारभर नाव झालं असतं, तर मी पाड्यावर कोणत्या तोंडानं गेले असते?

लॉग पुसला की पाटी कोरी होते, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. कोऱ्या झालेल्या लॉगमध्ये पहिली नोंद पडते ती लॉग पुसल्याचीच, आणि कोणत्या खात्यानं पुसला तेही त्यात असतं. सेटिंग बदलली की त्याचीही वेगळी नोंद होते. ती नोंद आमच्या सर्व्हरवरून पुसली गेली होती. पण आमच्याकडची प्रत्येक नोंद पडल्या पडल्या ठाण्याच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथली प्रत आमच्या कुणाच्या खात्यानं पुसता येत नाही.

मी ठाण्याहून त्या प्रती मागवल्या आणि डॉक्टरांसमोरच उघडल्या. लॉग पुसल्याच्या नोंदीत खात्याच्या नावाशेजारी त्या लॉगिनचा एक क्रमांक असतो. सर्व्हरमध्ये शिरल्याच्या नोंदींत तोच क्रमांक मी शोधू लागले. सापडला. माझ्या खात्यानं कोणत्या संगणकावरून लॉगिन केलं, त्याचा पत्ता तिथं होता. तो पत्ता मला पाठ होता, कारण तो संगणक मीच बसवला होता. भाऊच्या टेबलावर.

मनात आलं, गप्प बसावं, काहीतरी चूक झाली असेल म्हणावं. मग संताप आला, असा की डोळ्यांपुढचे आकडे दिसेनात.

मुलांच्या नोंदी जुन्या बॅकअपशी ताडून पाहिल्यावर उरलंसुरलं बाहेर आलं. वावर गावाकडच्या पाड्यांवर कित्येक महिने कुणी वजनकाटा घेऊन फिरकलंच नव्हतं. भाऊनं ती सेटिंग बंद करून ते रिकामे महिने बसल्या जागी भरले होते. हाडाची काडं झालेली पोरं संगणकात बाळसं धरत होती. कुपोषणानं पोरं गेलेल्या त्या भागात मुलांचं वजन ही काय चीज आहे, हे काय त्याला मी सांगायचं?

डॉक्टरांनी त्याला बोलावलं. त्यानं नाकारलं नाही. बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं.

"भाऊ, माझ्याच नावावर?"

"तुझ्यावर कोन संशय घेनार होता, ताई? तुला सगली मानतात. दोन शब्द बोलून सोडली असती. मला कोनी सोडला नसता."

म्हणजे माझी अब्रू त्यानं आधीच तोलून पाहिली होती. मी ओवाळताना खाली मान घालून बसणारा हाच तो माणूस. मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

जाता जाता तो वळला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते अश्रू खरे होते, हेच मला सहन होत नाही.

"ठान्याला प्रत जाते, ते तू मला सांगितला नाहीस. एवढा पन भरवसा नव्हता?"

ती व्यवस्था मी बसवली तेव्हा तो भाताच्या आवणीसाठी रजेवर होता. परतल्यावर पावसाच्या, भाताच्या गप्पा निघाल्या आणि ही गोष्ट राहून गेली. भरवसा नव्हता म्हणून नाही. नुसतं विसरले. बाकी सगळं मी त्याला सांगितलं होतं.